मानपत्र
वर्षातील उत्कृष्ट कर्मचारी, २०२४-२५

श्री. तानाजी मारुती पाटील
ऑपरेटर, सँड प्लांट, दुसरी पाळी

गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या गिअर हाऊसिंगचं रिजेक्शन ७.४ टक्क्यांवर गेलं. मशीनिंगला दोन मिलिमीटरचा कट बसला की आत ब्लोहोल. आम्ही आधी भट्टीला दोष दिला, मग कोअरला. ओतकामाचं तापमान वाढवलं, कोअर जास्त भाजले. फरक शून्य.

आपण परत आलेला एक जॉब फोडून पोकळी दाखवली. आतून गुळगुळीत, चकचकीत. खडबडीत असती तर ते श्रिंकेज, म्हणजे मेटलचं काम. गुळगुळीत म्हणजे गॅस. मग आपण रिटर्न सँडच्या पट्ट्यावर थर्मामीटर खुपसला. पाळी सुरू होताना ३८ अंश, रात्री नऊला ५७. इतक्या गरम वाळूतलं पाणी पट्ट्यावरच उडतं. मोल्डर ‘वाळू कोरडी’ म्हणून ओरडला की मुलरला आणखी पाणी पडतं, आणि साच्यातली वाफ थंड कोअरवर धरते. त्याचेच ब्लोहोल.

पण वाळू एवढी तापतेच का? उत्तर हॉपरमध्ये होतं. ४० टनांच्या हॉपरला कडेनं वाळू थापून बसली होती आणि मधल्या भोकातून जेमतेम २१ टन फिरत होती. ताशी १२ टन खपत असताना सव्वातीन तासांनी परतायची ती वाळू पावणेदोन तासांत पुन्हा मुलरला येत होती. ती गार व्हायची कधी? हॉपर वरून भरलेला दिसायचा, म्हणून आमच्यापैकी कुणी आत डोकावलं नाही. हेही इथं नोंदवतो.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पट्ट्याचा मेन स्विच काढून कुलूप घातलं, सेफ्टी बेल्ट बांधले, वर एक माणूस उभा ठेवला आणि आपण तिघा सहकाऱ्यांसह वरून खाली थर उतरवत आणला. खालून पहार मारली की काम लवकर होतं, पण वरची ढेप अंगावर येते. त्या दिवशी खालून कुणाला हात लावू दिला नाहीत. १९ टन वाळू निघाली.

त्यानंतर दर अर्ध्या तासाला कॉम्पॅक्टॅबिलिटी मोजायची, ३८ ते ४२ च्या बाहेर गेली तरच पाण्याला हात लावायचा, आणि पंधरा दिवसांनी हॉपर ठोकून बघायचा, ही वही आपण सुरू केलीत. अक्षर वाचताना त्रास होतो, पण एकही रकाना कोरा नाही. पावसाळ्यात बेंटोनाइटची पोती जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर गेली, तीही आपल्याच सांगण्यावरून.

तीन महिन्यांत रिजेक्शन २.३ टक्क्यांवर आलं. सँड प्लांटला बदली म्हणजे शिक्षा, असं म्हणणाऱ्या दोन पोरांनी यंदा स्वतःहून तिथं बदली मागितली आहे.

खंडेनवमीच्या पूजेनंतर, सर्व खात्यांसमक्ष, कोल्हापुरी फेटा, शाल, श्रीफळ आणि रोख २५,००० रुपयांसह हे मानपत्र आपणांस सन्मानपूर्वक देत आहोत.

व्यवस्थापन व सर्व सहकारी
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर