आटे

सुनीताच्या बाथरूमचा नळ ठिबकतोय, हे शामरावांना भिंतीपलीकडूनच कळलं होतं. रात्री अडीचला जाग आली की टप... टप... तीन रात्री त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी सकाळी पान्हा, पक्कड आणि टेफ्लॉन टेप पिशवीत टाकून ते शेजारी हजर झाले.

"काका, प्लंबर म्हणाला नवाच बसवा. पण हा सासऱ्यांच्या वेळचा पितळी आहे, टाकवत नाही."

"टाकायचा कशाला? वायसर गेला असेल."

शामरावांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली होती. धरणाचे दरवाजे, त्यांचे रबरी सील, तेलपाणी, सगळं यांत्रिकी काम. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे विजेशिवाय कसे उघडतात, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा समजावून सांगत. त्यांच्यापुढं नळ म्हणजे काय!

गच्चीवरच्या टाकीचा वॉल त्यांनी बंद केला. म्हणजे तसं त्यांना वाटलं. चाक फिरलं, आतलं पान जागचं हललंच नाही. नळाचं डोकं सोडलं आणि पाण्याचा फवारा थेट छातीवर. चष्मा मोरीत. सुनीतानं टॉवेल दिला, शामरावांनी अंगठ्यानं भोक दाबून धरलं, आणि टाकी रिकामी होईपर्यंत दोघं इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिली.

ओलेच घरी आले तेव्हा विमलताई दारात होत्या. "धरण आवरलं म्हणायचं, आणि नळ आवरेना."

नवा वायसर घालूनही थेंब थांबला नाही. दुपारी त्यांनी स्पिंडल काढून उजेडात धरला तेव्हा कारण दिसलं. आटे पार झिजले होते. कितीही आवळा, चावी नुसती फिरायची. वायसर खाली दाबलाच जात नव्हता. तसला स्पिंडल दुकानात मिळेना. एका दुकानदारानं उद्यमनगरातली गल्ली सांगितली. "तिथं एक म्हातारा हाय. करून देतोय बघा."

शेडमध्ये एकच लेथ चालू होता. म्हाताऱ्यानं मान वर न करता हात पुढं केला. स्पिंडल घेतला, अंगठ्याच्या नखानं आट्यांवरून ओढला. "संपलाय. पितळी सळई हाय, नवा काढतो. माप घ्या, व्हर्नियर तिथं टेबलावर हाय."

शामरावांनी व्हर्नियर उचलला. लेथ थांबला.

"शाम्या. अजून डाव्याच हातानं व्हय?"

दत्ता होता. ७५ साली पॉलिटेक्निकला एका बाकावर बसणारा. फिटिंग शॉपमधला नर-मादीचा जॉब शामरावांना जमला नव्हता. चौकोनात चौकोन बसेना, कानस मारून मारून फटच वाढत गेली. आदल्या संध्याकाळी दत्तानं दुसरा तुकडा घेऊन तासाभरात बसवून दिला. सवयीनं मागच्या बाजूला पंचनं एक टिंबही मारलं, स्वतःच्या प्रत्येक जॉबवर मारायचा तसं. मास्तरांनी उजेडासमोर धरून पाहिलं आणि २० पैकी १८ दिले. दत्ताला १४ पडले, जॉब उशिरा दिला म्हणून. उशीर का झाला, हे दोघांनाच माहीत होतं. दुसऱ्या वर्षी दत्ताचे वडील गेले आणि तो या लेथवर उभा राहिला, तो आजतागायत.

"रिटायर कवा झालास?"

"दहा वर्षं झाली."

"ऱ्हायला कुठं?"

"राजारामपुरीत."

दत्तानं सळई चकमध्ये धरली, आवळली. "चालत पंधरा मिनिटं," तो म्हणाला, आणि लेथ चालू केला.

नंतरचा तासभर बोलण्यासारखं काही नव्हतं, आवाजात ऐकूही आलं नसतं. पिवळा कीस गुंडाळत खाली पडत होता. दत्ता मधूनच यंत्र थांबवून जुनी नळाची टोपी आट्यांवर फिरवून बघायचा, नाक मुरडायचा, परत चालू करायचा. पोऱ्यानं चहा आणला. पैसे विचारल्यावर दत्ता म्हणाला, "चहाचे तेवढे दे. आणि पुढच्या येळेला मोकळा हात हलवत ये, नळ घेऊन नको."

"मंगळवारी येऊ?"

"सोमवारी सुट्टी असती माझी. सोमवारी ये."

संध्याकाळी शामराव पुन्हा सुनीताच्या मोरीत बसले. टेप गुंडाळायच्या आधी त्यांनी नवा स्पिंडल बल्बखाली धरला. टोकाला, जिथं वायसर बसतो आणि कुणालाच कधी दिसणार नाही तिथं, पंचचं एक टिंब होतं.

"काका, झालं का?" बाहेरून सुनीतानं विचारलं.

शामरावांनी वायसर चढवला.

"झालं," ते म्हणाले. "२० पैकी १८."