मावशी, १२ ऑगस्टच्या तारखेला कोर्टात काय झालं

दिवाणी न्यायालय, सोलापूर. वाटपाचा दावा. मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५. मोठ्या मामांचा साक्षीदार पुण्याहून व्हीसीवर होता. कोर्टात अर्ज देऊन मिळालेलं रेकॉर्डिंग ३८ मिनिटांचं आहे. मी तीनदा ऐकलं. यात फक्त कोण काय बोललं ते आहे, निकाल कुणीकडे झुकतोय हे मी लिहिलेलं नाही.

आधी तुझ्या मनातली गोष्ट. "साहेबांनी कागद खोटा म्हटला" असं तू घरी सांगितलंस. २१व्या मिनिटाला साहेबांचे शब्द असे आहेत: "कागद खोटा आहे असं तुमचं म्हणणं आहे ना? मग तसं सरळ विचारा." हे ते आपल्या वकिलांना म्हणाले. कागदाबद्दल स्वतःचं मत त्यांनी पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये कुठेच दिलेलं नाही.

सुरुवातीची सहा मिनिटं आवाज जुळवण्यात गेली. मग उलटतपास. आपल्या वकिलांनी १८ मे २००९ चं हक्कसोडपत्र स्क्रीनवर दाखवलं. साक्षीदाराने चष्मा बदलला, कागद जवळ आणायला लावला आणि म्हणाला, "सही माझीच आहे."

सही कुठे केली? उत्तर: "मोहोळला, त्यांच्या घरी, दिवेलागणीला." वकिलांनी त्याच्याच प्रतिज्ञापत्रातलं वाक्य वाचून दाखवलं, त्यात "दुय्यम निबंधक कार्यालयात" असं आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग, "सोळा वर्षं झाली, दोन्हीकडं गेलो असंन." त्यावर कोर्ट काही बोललं नाही.

तू तिथे होतीस का, या प्रश्नावर मामांच्या वकिलांनी हरकत घेतली. साहेब म्हणाले, "हरकत नोंदवली, उत्तर घ्या." उत्तर: "बाई होत्या. अंगठा का सही, ते आठवत नाही." (तू सही करतेस हे आपल्याला माहीत आहे, पण त्या दिवशी कुणी ते बोललं नाही, म्हणून इथे धरू नकोस.)

शेवटी वकिलांनी विचारलं, "वादीला मजकूर वाचून न दाखवता सही घेतली, हे खरं का?" तो म्हणाला, "खरं नाही." म्हणजे ते वाक्य आपल्या वकिलांचं, साक्षीदाराने ते मान्य केलेलं नाही.

२९ ते ३१ मिनिटं दोन्ही वकील एकदम बोलतायत, मला शब्द लागले नाहीत. तिथे अंदाजाने काही भरलं नाही.

निबंधक कार्यालयातलं मूळ रजिस्टर मागवावं, असं आपले वकील तोंडी म्हणाले. साहेब: "लेखी अर्ज द्या, समोरच्यांचं म्हणणं येऊ द्या." रजिस्टर मागवायचा आदेश त्या दिवशी झालेला नाही.

पुढची तारीख ९ सप्टेंबर. टाइप झालेल्या जबाबाची नक्कल मी वकिलांकडे मागितली आहे. माझ्या लिहिण्यात आणि त्यात फरक निघाला, तर नक्कल धर. घराचं आणि कार्यालयाचं जे उत्तर आलं त्याचा अर्थ काय, हे गुरुवारी त्यांनाच विचार, मी सोबत येतो.