खो-खोच्या आधी आणि नंतर : वॉर्म-अप आणि कूल-डाउन (व्हिडिओची संहिता)

इयत्ता ५वी ते ७वी. लांबी साधारण ७ मिनिटं. चित्रीकरण डिसेंबरमध्ये, सकाळी साडेसातला, पुण्यातल्या एका पेठेतल्या शाळेच्या मैदानावर. पात्रं तीन : क्रीडाशिक्षिका (ताई), सातवीतली मुलगी (मोठी), पाचवीतला मुलगा (छोटा). चुका छोट्याने करायच्या, बरोबर कृती मोठीने.

कॅमेरामनसाठी : कॅमेरा कमरेच्या उंचीवर, बाजूने. समोरून घेतलं तर टाच टेकली आहे की उचलली आहे ते दिसत नाही, आणि अर्धा धडा टाचेचाच आहे.

दृश्य १. खो-खोचं मैदान

(छोटा चौकोनात उकिडवा बसला आहे. मागून "खो!" तो उठून सुसाट पळतो, चार पावलांत पोटरी धरून थांबतो.)

ताई : काय रे, काय झालं?

छोटा : ताई, पोटरी ओढली गेली.

ताई : खेळायच्या आधी काय केलंस?

छोटा : ओणवा होऊन अंगठे धरले. तीसपर्यंत मोजलं.

ताई (कॅमेऱ्याकडे) : मेहनत केली, पण ती चुकीच्या वेळी. थंडीत सकाळी स्नायू आखडलेले असतात. एका जागी उभं राहून ताणल्याने ते गरम होत नाहीत, हालचालीने होतात. म्हणून खेळाआधी हलायचं आणि खेळ संपल्यावर थांबून ताणायचं.

दृश्य २. वॉर्म-अप

(पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ. मैदानावर याला सहा-सात मिनिटं लागतात. व्हिडिओत प्रत्येक कृतीच्या दोन-तीन आवृत्त्याच दाखवायच्या.)

ताई : आधी बुटांच्या नाड्या बघा. आता दोन हात अंतर घ्या आणि जागच्या जागी जॉगिंग, एक मिनिट. चवड्यांवर हलकं उतरायचं. धप्‌धप्‌ आवाज आला तर टाचा आपटताय. वेग किती ठेवायचा? सतराचा पाढा म्हणता येईल इतका.

मोठी (धावत) : सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न…

छोटा (धापा टाकत) : सतरा चोक… सतरा चोक…

ताई : तुला धाप लागलीय की पाढा येत नाहीये? काहीही असो, वेग कमी कर.

(मान : उजवीकडे, डावीकडे, हनुवटी छातीकडे, प्रत्येकी तीनदा. मग दोन्ही हात खांद्यातून गोल, दहा पुढे, दहा मागे.)

ताई : मान गरागरा फिरवू नका, मागे झोकून तर नाहीच. एवढं मानेला पुरे.

आता पाय झुलवायचे. एक हात खांबाला. बाहेरचा पाय घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे, दहा वेळा. मग वळा आणि दुसरा पाय.

(छोटा पाय डोक्यापर्यंत उडवतो. त्याची पाठ मागे कलते.)

ताई : पाय वर गेला, पण तो कमरेतून वाकून. हालचाल खुब्यातून हवी. पाठ सरळ ठेव आणि पाय कमरेइतकाच उचल. रोज थोडा जास्त जाईल.

पुढे लंज. लांब पाऊल टाका, दोन्ही गुडघे वाकवून खाली जा, उठा, दुसरं पाऊल. प्रत्येक पायाला पाच.

(इथे समोरून जवळचं दृश्य हवं, फक्त गुडघा आणि पंजा.)

ताई : पुढचा गुडघा बघा. तो पंजाच्या दिशेनेच जायला हवा. आत, अंगठ्याच्या बाजूला कोसळत असेल तर पाऊल छोटं घ्या.

घोटे गोल फिरवून झाले की शेवटचा भाग आपल्या खेळाचा. चौकोनात बसल्यासारखं उकिडवं बसा आणि उठा, आठ वेळा, सावकाश. मग बसूनच सुरुवात करून दहा मीटर तीनदा पळा : पहिल्यांदा अर्ध्या वेगाने, नंतर पाऊण, मग पूर्ण. खो-खोत सगळा ताण त्या उठून पळण्यातच येतो, म्हणून त्याची सवय इथेच करायची.

(घाम फुटायला लागला की वॉर्म-अप झाला. पडद्यावर अक्षरं : "आता खेळा!" खेळाची दहा सेकंद, जलद.)

दृश्य ३. कूल-डाउन

(शिट्टी. छोटा मैदानावर उताणा पडतो.)

ताई : ऊठ, चालायला लाग. पळताना पायांत भरपूर रक्त येतं आणि पोटऱ्या ते वर ढकलत असतात. एकदम थांबलास की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येऊ शकते. दोन मिनिटं चाल, पाण्याचे घोट घे, मग भिंतीपाशी ये.

(इथून आवाज संथ. पक्ष्यांचा आवाज राहू द्या, पार्श्वसंगीत नको.)

ताई : प्रत्येक ताण वीस सेकंद, दोन्ही बाजूंना दोन-दोनदा. आकडे मोजू नका, घाईत वीसचे बारा होतात. चार सावकाश श्वास मोजा.

पहिली पोटरी. हात भिंतीला, एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, पंजा भिंतीकडे. टाच उचलली किंवा पंजा बाहेर वळला की ताण निसटला. आता तोच गुडघा थोडा वाकवा, टाच टेकलेलीच. ताण खाली घोट्याकडे सरकला? तिथे आत दुसरा स्नायू आहे. दोन्ही करा.

मांडीचा पुढचा भाग : एक हात भिंतीला, घोटा धरा, बोटं नाही. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी.

मांडीचा मागचा भाग बसून. एक पाय सरळ, दुसऱ्याचा तळवा मांडीला टेकलेला.

(छोटा हिसके देत अंगठा पकडायला बघतो.)

ताई : हिसके नकोत. स्नायू किती वेगाने ताणला जातोय हे कळणाऱ्या यंत्रणा स्नायूतच असतात. झटका बसला की स्नायू घाबरून उलटा आवळतो. म्हणजे तू ओढतोस आणि तोही ओढतो. खुब्यातून वाक, पाठ लांब ठेव. हात नडगीपर्यंत पोचले तरी चालतील.

(मग फुलपाखरू : तळवे जुळवून बसणं. मोठीची मैत्रीण मागून पाठीवर दाबायला येते. ताई हात आडवा धरतात.)

ताई : दुसऱ्याने दाबायचं नाही. कुठे थांबायचं हे ज्याचं त्यालाच कळतं.

(हात छातीसमोरून आडवा, दोन्ही बाजूंना. शेवटी शशांकासन, पाच श्वास.)

मोठी : ताई, मग उद्या पाय दुखणार नाहीत ना?

ताई : थोडे दुखतील. पर्वतीच्या पायऱ्या भराभर उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ना, तसे. ताणल्याने ते फारसं टळत नाही. काही दिवसांत आपोआप जातं.

(ताई खाली बसतात, स्वतःच्या गुडघ्याखालचा उंचवटा दाखवतात.)

ताई : पण इथे, किंवा टाचेच्या मागे रोज दुखत असेल तर गप्प बसू नका. उंची भराभर वाढते तेव्हा हाड आधी लांबतं, स्नायू मागे राहतो आणि जिथे जोडलेला असतो तिथे खेचतो. ते ताणून घालवायला जाऊ नका. मला सांगा, घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा. ताण म्हणजे ओढ जाणवणं. कळ आली तर लगेच सोडायचं.

(छोटा उठतो, घामाने भिजलेला शर्ट तसाच.)

ताई : अरे, स्वेटर कुठाय? थंडीचे दिवस आहेत. आधी तो घाल, मग डबा उघड.