विषय: रुग्णालयाच्या पहिल्या अँटिबायोग्रामसाठी मार्गदर्शनाची विनंती

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी मेघना, एका दोनशे खाटांच्या रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये सहा वर्षांपासून टेक्निशियन आहे. कल्चर लावणं आणि वाढलेल्या जंतूंवर कोणती अँटिबायोटिक्स चालतात ते तपासणं हे माझं रोजचं काम. या तपासण्यांचा वर्षाचा एकत्रित तक्ता, म्हणजे अँटिबायोग्राम, आमच्याकडे आजवर झालेला नाही आणि तो तयार करण्याची जबाबदारी लॅबप्रमुखांनी यंदा माझ्याकडे दिली आहे. संसर्ग-नियंत्रणाच्या कार्यशाळेत मी तुमचं सत्र ऐकलं, आणि काय मोजायचं याच्याआधी काय मोजायचं नाही हे ठरवा, हा तुमचा मुद्दा तेव्हापासून मनात आहे. पुढचे सहा महिने, महिन्यातून अर्धा तास, तुम्ही मला मार्गदर्शन कराल का, हे विचारण्यासाठी लिहिते आहे.

वेळ नसेल तर एवढं वाचून हो की नाही कळवलंत तरी पुरे. खालचा मजकूर मी कुठवर आले आहे आणि कुठे अडले आहे ते सांगणारा आहे, सवडीने वाचला तरी चालेल.

आमच्याकडे तपासणी डिस्क पद्धतीने होते. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत अजूनही लहान-मध्यम लॅबचा आधार आहे, आणि ती नीट केली तर भरवशाची आहे असा माझा अनुभव आहे. म्युलर-हिंटन अगारची जाडी ४ मिलिमीटर, जंतूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंड इतकंच गढूळ, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास १६ ते १८ तास, आणि त्याबरोबर ठरलेल्या प्रमाणित जंतूची चाचणी. यातलं काहीही ढिलं पडलं की झोन बदलतो. अगार पातळ ओतला तर झोन मोठा दिसतो आणि रेझिस्टंट जंतू सेन्सिटिव्ह वाटू शकतो. प्रमाणित जंतूचा झोन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर कारण सापडेपर्यंत त्या औषधाचे रिपोर्ट थांबवायचे, हा नियम आमच्याकडे पाळला जातो. त्यामुळे मूळ आकड्यांवर माझा विश्वास आहे. प्रश्न आहे तो हे आकडे एकत्र करण्याचा.

एक गोष्ट आमच्या बाजूने आहे. झोनचं माप आम्ही मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतो, नुसतं ‘एस’ किंवा ‘आर’ लिहीत नाही. याचं मोल मला सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या वेळी कळलं. सीएलएसआयने २०१९ मध्ये आतड्यातल्या जंतूंसाठी (साल्मोनेला सोडून) मर्यादा बदलली. आधी २१ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा झोन म्हणजे सेन्सिटिव्ह होता, आता त्यासाठी किमान २६ लागतात. म्हणजे २३ मिलिमीटरचा जो ई. कोलाय जुन्या नियमाने सेन्सिटिव्ह ठरला असता तो आज मधल्या गटात जातो. जंतू तोच, माप तेच, अर्थ मात्र वेगळा. रजिस्टरमध्ये माप असेल तर जुन्या नोंदी नव्या नियमाने पुन्हा वाचता येतात. फक्त अक्षर असेल तर तो मार्ग बंद होतो. नोंदी मी WHONET मध्ये भरते आहे, आणि तिथेही माप भरते, अर्थ सॉफ्टवेअरला काढू देते.

आता जिथे तुमची खरी गरज आहे ते सांगते.

सीएलएसआयच्या एम ३९ या मार्गदर्शिकेप्रमाणे एका रुग्णाचा एका जातीचा त्या कालावधीतला पहिलाच आयसोलेट मोजायचा. कारण मला पटतं. समजा ४० रुग्णांचे ४० क्लेब्सिएला आहेत आणि त्यातले ३० एका औषधाला सेन्सिटिव्ह आहेत, तर उत्तर ७५ टक्के येतं. आता त्यांतल्याच आयसीयूमधल्या एका रुग्णाकडून आणखी १० वेळा तोच रेझिस्टंट जंतू आला आणि आपण सगळे मोजले, तर ५० पैकी ३०, म्हणजे ६० टक्के. रुग्ण एकही वाढला नाही, पण तक्ता पाहून डॉक्टर ते औषध सोडून जास्त ताकदीच्या औषधाकडे वळतील. पण याच नियमाची दुसरी बाजू मला आयसीयूमध्ये दिसते. दाखल होताना सेन्सिटिव्ह जंतू असलेल्या रुग्णात तीन आठवड्यांनी त्याच जातीचा रेझिस्टंट जंतू येतो. पहिलाच आयसोलेट मोजला तर हा बदल तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि आयसीयूच्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. मुख्य तक्ता नियमाप्रमाणे ठेवून आयसीयूसाठी दाखल होऊन किती दिवस झाले त्यानुसार वेगळा तक्ता करावा, असं माझ्या मनात आहे. हे योग्य आहे का, की यातून वाचणाऱ्यांचा गोंधळ वाढेल, यावर तुमचं मत हवं आहे.

दुसरी अडचण टप्प्याटप्प्याच्या तपासणीची. काही औषधं आम्ही सगळ्या आयसोलेटवर लावतो आणि काही फक्त पहिल्या फळीतली औषधं निकामी ठरली तरच. मग दुसऱ्या फळीतल्या औषधाची टक्केवारी निघते ती फक्त अवघड जंतूंवरची. ते औषध प्रत्यक्षात आहे त्याहून कमजोर दिसतं. नेहमी सगळ्यांवर तपासलेलीच औषधं तक्त्यात घ्यायची हे मला माहीत आहे, पण तसं केलं तर वॉर्डाला ज्या औषधांची सर्वांत जास्त चिंता आहे तीच तक्त्यातून गळतात. यंदापासून मेरोपेनेम सगळ्या आयसोलेटवर लावावं असा प्रस्ताव मी तयार केला आहे. रिपोर्टमध्ये ते सरसकट दाखवायचं नाही, नोंद मात्र ठेवायची. प्रस्तावात खर्चाचं समर्थन कसं मांडावं हे मला नीट जमलेलं नाही. कोलिस्टिनबाबत मात्र शंका नाही. त्यासाठी डिस्क भरवशाची नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन आमच्याकडे होत नाही, म्हणून ते औषध तक्त्यात येणार नाही आणि का येत नाही ते तळटीपेत स्पष्ट लिहिलं जाईल.

संख्येचा प्रश्न सोपा आहे. ३० पेक्षा कमी आयसोलेट असलेल्या जातींची टक्केवारी आम्ही देणार नाही, किंवा दोन वर्षांच्या नोंदी एकत्र करून तसं स्पष्ट सांगू.

सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिचं उत्तर मला कुठल्या मार्गदर्शिकेत मिळालेलं नाही. बाह्यरुग्ण विभागातून लघवीचं कल्चर बहुतेक वेळा तेव्हाच येतं जेव्हा पहिला कोर्स लागू पडलेला नसतो. साध्या संसर्गाचे रुग्ण गोळ्यांनी बरे होतात आणि त्यांचा नमुना आमच्यापर्यंत पोचतच नाही. मग आमच्या तक्त्यातला ई. कोलाय हा न बऱ्या झालेल्या रुग्णांचा ई. कोलाय असतो. हा तक्ता पाहून कुणी पहिल्यांदाच त्रास होऊन आलेल्या रुग्णाला जड औषध लिहिलं, तर आपण केलेल्या कामातूनच औषधांचा अतिवापर वाढेल. हे मला होऊ द्यायचं नाही. काही महिने ठरावीक दिवशी येणाऱ्या सगळ्या नव्या रुग्णांचं कल्चर घ्यावं, असा एक विचार आहे. त्याला किती नमुने लागतील, कुठल्या परवानग्या लागतील, आणि आमच्या आकाराच्या लॅबने हे करावं का, हे ठरवायला अनुभवी माणसाची गरज आहे. सहा महिन्यांत याच एका प्रश्नावर तुमच्याकडून दिशा मिळाली तरी माझ्यासाठी ते फार मोठं असेल.

तुमच्याकडून काय अपेक्षा आहे तेही स्पष्ट लिहिते. हिशोब, नोंदी तपासणं आणि मसुदा लिहिणं माझं काम आहे, ते मी करेन. प्रत्येक भेटीच्या चार दिवस आधी एका पानावर काय झालं, काय अडलं आणि कुठला निर्णय हवा आहे ते पाठवेन. तुम्ही ते वाचून मी चुकीच्या दिशेने जात असेन तर थांबवावं, एवढी विनंती आहे. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील मी तुमच्याकडे पाठवणार नाही, फक्त एकत्रित आकडे येतील. तुमच्याशी बोलायला लॅबप्रमुखांची लेखी संमती घेतली आहे. तुम्हाला सोयीचं असेल तर त्याही पहिल्या भेटीत असतील. काम पूर्ण झाल्यावर तक्त्यावर मार्गदर्शक म्हणून तुमचा उल्लेख करायचा की नाही, हे पूर्णपणे तुमच्या इच्छेवर.

सध्या दर महिन्याला वेळ देणं शक्य नसेल तर दोन पर्याय मनात आहेत. बाह्यरुग्ण विभागाच्या प्रश्नावर एकदाच बोलता आलं तरी मी पुढे जाऊ शकेन. किंवा असं काम केलेल्या एखाद्या सहकाऱ्याचं नाव सुचवलंत तर त्यांच्याशी मी स्वतः संपर्क करेन.

सोबत मागच्या सहा महिन्यांचा कच्चा तक्ता जोडला आहे. तो कुणाला दिलेला नाही, वॉर्डातही नाही. ३० पेक्षा कमी आयसोलेट असलेले रकाने त्यात करड्या रंगात आहेत आणि ज्या निर्णयांबद्दल वर लिहिलं ते समासात नोंदवले आहेत.

माझी ड्यूटी या महिन्यात सकाळची आहे, दुपारी तीननंतर मी मोकळी असते. शनिवारी पूर्ण दिवस चालेल. फोन, व्हिडिओ कॉल किंवा प्रत्यक्ष भेट, तुम्ही सांगाल तसं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करेन, त्यानंतर त्रास देणार नाही.

आपली विश्वासू,
मेघना
सीनियर लॅब टेक्निशियन, मायक्रोबायोलॉजी विभाग

सोबत: कच्चा अँटिबायोग्राम, दोन पानं