शनिवारी रात्रीच्या गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांची माफी

अ आणि ब विंगमधील सर्व शेजाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री गच्चीवर झालेल्या आमच्या घरच्या कार्यक्रमामुळे तुमची झोप मोडली. गाणी रात्री १ वाजून १० मिनिटांनी थांबली आणि सामानाची आदळआपट सव्वादोनपर्यंत चालू राहिली. याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो. ‘कोणाला त्रास झाला असल्यास’ असं आम्ही लिहीत नाही. त्रास झाला, दोन्ही इमारतींना झाला, आणि तो आमच्यामुळेच झाला.

आजींच्या ७५व्या वाढदिवसाचा कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला सुरू करून रात्री १० ला संपवायचं ठरलं होतं. सूचना फलकावर आम्ही हीच वेळ लिहिली होती. ती वाचून तुमच्यापैकी काहींनी आपापलं वेळापत्रक बसवलं असणार, म्हणून ही चूक नुसत्या उशिराची नाही. बाहेरगावचे पाहुणे येईपर्यंत नऊ वाजले, जेवणं पावणेदहाला सुरू झाली आणि जेवणाआधी व्हायची गाणी जेवणानंतर ढकलली गेली. पाहुण्यांना उशीर होणार हे आठ वाजताच कळलं होतं. तेव्हाच गाणी रद्द करून नुसतं जेवण ठेवायला हवं होतं. तो निर्णय घ्यायला आमच्यातलं कोणीच पुढे आलं नाही.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. आम्हाला थांबायला तीन वेळा सांगण्यात आलं. साधारण १० वाजून २० मिनिटांनी वॉचमन वर आले, त्यांना आम्ही ‘अजून थोडाच वेळ’ म्हणून परत पाठवलं. सव्वाअकराला शेजारी स्वतः जिने चढून आले. त्यांना ‘पाच मिनिटांत बंद करतो’ असा शब्द दिला, बंद केलंही, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं. बारा वाजून गेल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला निरोप आमच्यातल्या कोणी एक वाजेपर्यंत पाहिलाच नाही, कारण सगळ्यांचे फोन खाली घरात पडले होते. दिलेला शब्द दहा मिनिटांत मोडला, याची लाज आवाजापेक्षा जास्त वाटते. वर आलेल्यांची भेट घेऊन आम्ही वेगळी माफी मागितली आहे. त्यांचं नाव किंवा घर क्रमांक इथे मुद्दाम लिहीत नाही. तक्रार कोणी केली हे चारचौघांत जाहीर व्हायचं कारण नाही.

वॉचमनना कृपया कोणी बोल लावू नका. त्यांनी त्यांचं काम केलं होतं, आम्ही ऐकलं नाही. कमिटीलाही आम्ही हे लेखी कळवलं आहे.

‘आवाज कमी केलाय’ असं आम्ही दोनदा सांगितलं आणि तुम्हाला तर काहीच फरक जाणवला नाही, असं पाचसहा घरांतून ऐकलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं. काय झालं ते रविवारी साउंडवाल्याला विचारून घेतलं. सफाई म्हणून नाही, पण पुढच्या वेळी गच्चीवर ज्यांचा कार्यक्रम असेल त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

दोन उभे स्पीकर आणि एक बासची पेटी, म्हणजे सबवूफर, असा संच होता. पेटी थेट गच्चीच्या फरशीवर ठेवली होती, खाली रबर नाही की जाड सतरंजी नाही. त्यामुळे तिचा हादरा हवेतून गेला तो गेलाच, शिवाय स्लॅबमध्ये उतरला आणि तिथून खांब-भिंतींतून खालच्या मजल्यांपर्यंत पोचला. खिडक्या लावून घेतल्या तरी धमधम का थांबत नव्हती, त्याचं कारण हे. गाण्याचे शब्द आणि वरच्या पट्टीतले स्वर भिंत-काच बऱ्यापैकी अडवतात. खालच्या पट्टीतला ठोका अडवत नाहीत. शिवाय आवाज कमी करताना उभ्या स्पीकरचाच कमी केला गेला, पेटीचं बटण वेगळं होतं आणि त्याला कोणी हातच लावला नाही. आम्हाला गाणं हळू झाल्यासारखं वाटत होतं, तुमच्या पलंगापर्यंत ठोका तसाच येत होता.

आणखी एक गोष्ट. तीन तास मोठ्या आवाजात उभं राहिलं की कान तात्पुरते बधिर होतात, त्यामुळे आवाज किती आहे हे ठरवायला गच्चीवरचा माणूस लायकच उरत नाही. बटण थोडं फिरवून भागतही नाही. स्पीकरला जाणारी शक्ती निम्मी केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो आणि कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरवावे लागतात, म्हणजे शक्ती एक दशांशावर आणावी लागते. खाली येऊन, जिन्यात उभं राहून एकदा ऐकलं असतं तरी पुरे होतं.

ब विंगला त्रास जास्त झाला, कारण स्पीकरची तोंडं तिकडेच होती. दोन इमारतींच्या मधल्या चौकात आवाज समोरासमोरच्या भिंतींवर आपटून घुमत राहतो. स्पीकर मागच्या मोकळ्या बाजूला वळवायला दोन मिनिटं लागली असती. हे ठरवणाऱ्याने ब विंगकडे पाहिलं तेव्हा त्याला तिथे फक्त ‘छान दिसणारी रोषणाई’ दिसली, असो.

गाणी थांबल्यावरचा गोंधळ कदाचित गाण्यांपेक्षा वाईट होता, कारण तेव्हा कुठे डोळा लागत असेल. चाळीसएक पाहुणे एकदम जिन्याने उतरले आणि प्रत्येक मजल्यावर निरोपाच्या गप्पा झाल्या. आमच्या जिन्यात सगळीकडे फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे साधं बोलणंही सगळे मजले घुमतं. मग गाड्यांची दारं, रिव्हर्सचे भोंगे. त्यानंतर खुर्च्या उचलणारा टेम्पो. तो आधी ११ ला येणार होता, आम्हीच फोन करून पावणेदोनला बोलावला. लोखंडी घडीच्या १०० खुर्च्या गच्चीवर रात्रभर पडल्या असत्या तर कोणाचं काही बिघडलं नसतं. ही सर्वांत सहज टळणारी चूक होती.

पाहुण्यांच्या तीन गाड्या उतारावर आणि दोन तुमच्या नेमून दिलेल्या जागांवर लागल्या. त्यातली एक पहाटेपर्यंत तशीच होती आणि तिच्या मागे अडकलेल्यांना पहाटे साडेपाचला निघायला पाऊण तास उशीर झाला. गाडीवाल्या पाहुण्याचा नंबर काचेवर लावून ठेवायला हवा होता. त्या उशिरामुळे पदरचा काही खर्च झाला असेल तर कृपया सांगा, तो आम्ही देणं लागतो.

आतापर्यंत एवढं केलं आहे: गच्ची, जिना आणि लिफ्टची मोकळी जागा रविवारी दुपारी धुऊन घेतली. सजावटीचे चमचमते तुकडे पावसाच्या पाण्याच्या जाळीत अडकले होते, ती जाळी उघडून साफ केली आणि वरून दोन बादल्या पाणी ओतून उतरतंय ना हे पाहिलं. लिफ्टच्या डाव्या पत्र्यावर टेबल घासून लांब ओरखडा पडला आहे. देखभाल करणाऱ्यांना कळवलंय, पत्रा बदलावा लागला तर खर्च आमचा. लिफ्टचं दार सामानासाठी खोका लावून पाऊण तास अडवून ठेवलं होतं, तेव्हा ज्यांना जिने चढावे लागले त्यांची वेगळी माफी. दुसऱ्या मजल्यावरची फुटलेली कुंडी त्याच मापाची आणून त्यात तेच रोप लावून दिलं आहे. रोप जगतं का ते महिनाभरात कळेल, नाही जगलं तर नवीन देऊ.

यापुढे आमच्या घरचा तीसपेक्षा जास्त माणसांचा कोणताही कार्यक्रम गच्चीवर होणार नाही, हॉल घेऊ. पुढच्या महिन्यातला घरचा कार्यक्रम तसा हलवलाही आहे, सकाळी ११ ते ३, इमारतीत काहीच नाही. लहानसहान कार्यक्रम घरात झाला तर चार दिवस आधी फलकावर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लिहू. गाणी पावणेदहाला बंद, बासची पेटी अजिबात नाही, सामान दुसऱ्या दिवशी सकाळी ९ नंतर. घरातला एक जण खाली दारात थांबेल, फोन हातात ठेवून. त्याने सांगितलं की बंद, त्यावर चर्चा नाही. हा माणूस नाचणाऱ्यांतला नसावा हे आम्हाला आता कळलं आहे.

पाहुण्यांना कळवलेली वेळ आणि शेजाऱ्यांसाठी फलकावर लिहिलेली वेळ एकच असेल. या वेळी पाहुण्यांना आम्ही ‘रात्री उशिरापर्यंत’ असं कळवलं होतं, हेही सांगून टाकतो.

कमिटीने दंड लावला तर तो आम्ही वाद न घालता भरू. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजारी माणूस, तान्हं बाळ किंवा परीक्षेला बसलेलं मूल असेल, किंवा कोणाची पहाटेची पाळी होती आणि त्या रात्रीचा फटका अजून भोगावा लागत असेल, तर त्यांनी आम्हाला बोलावून घ्यावं. आम्ही खाली-वर येऊ, तुम्ही येण्याची गरज नाही. या आठवड्यात रोज संध्याकाळी ६ ते ९ आमच्यातलं कोणी ना कोणी मोठं माणूस घरी आहे. रागावून बोलायचं असेल तरी चालेल. समोर यायची इच्छा नसेल तर आमच्या पत्रपेटीत चिठ्ठी टाका, नाव लिहिलं नाही तरी वाचू. आणि या पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं मुळीच नाही.

पत्रासोबत कसलीही भेट पाठवलेली नाही, हेही मुद्दाम. भेट हातात दिली की समोरच्याला ‘जाऊ द्या हो’ म्हणावंच लागतं, आणि ते म्हणायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवावं.

आजींनाही हे पत्र वाचून दाखवलं. वाढदिवस त्यांचा असला तरी त्या साडेदहालाच खाली येऊन झोपायचा प्रयत्न करत होत्या आणि त्यांनाही झोप लागली नाही. तुमची क्षमा मागायला त्यांनी त्यांचंही नाव घालायला सांगितलं आहे, खरं तर त्यांची यात काहीच चूक नाही.

पुन्हा एकदा, क्षमस्व.

आपले,
सदनिका ५०२, अ विंगमधील सर्वजण
रविवार, संध्याकाळ

ता. क. मांडवासाठी शनिवारी दुपारी गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या होत्या. त्या पुन्हा बांधल्या आहेत, पण मधली दोरी थोडी सैल आहे, ओल्या चादरी तिच्यावर घालू नका. मंगळवारी बदलतो. दोऱ्यांवरचे काही कपडे घडी करून आमच्याकडे ठेवले आहेत: निळी उशीची खोळ एक, लहान मुलाचे मोजे तीन (चौथा सापडला नाही, शोधतोय) आणि पांढरा टॉवेल एक.