आजारपणाची रजा मंजूर होणे व कामाच्या वेळेत लवचीकता मिळणे याबाबत अर्ज

दिनांक : ९ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण विभाग,
औद्योगिक वसाहत, जालना.

विषय : दि. ७ व ८ एप्रिल २०२५ या दोन दिवसांची आजारपणाची रजा मंजूर होणेबाबत, तसेच दरमहा येणाऱ्या अर्धशिशीच्या त्रासामुळे कामाच्या वेळेत सवलत मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत वरिष्ठ विश्लेषक म्हणून काम करते. सोमवार, दि. ७ एप्रिल रोजी पहाटे मला अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा, तीव्र झटका आला आणि तो मंगळवारी रात्रीपर्यंत ओसरला नाही. त्यामुळे मी दोन्ही दिवस कामावर येऊ शकले नाही. तसा निरोप सोमवारी सकाळीच विभागात कळवला होता. या दोन दिवसांची रजा आजारपणाच्या रजेतून मंजूर करावी, अशी विनंती आहे. मंगळवारी सोयाबीनच्या नमुन्यांची आठव्या दिवसाची अंतिम मोजणी होती, ती सहकाऱ्यांनी वेळेत पूर्ण केली. त्यांच्या नोंदी मी आज तपासून अहवालात घेतल्या आहेत.

माझ्या गेल्या वर्षभरातील रजा पाहिल्यास त्या साधारण महिन्याच्या अंतराने आणि प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांच्या असल्याचे आपल्या लक्षात येईल. त्यामागचे कारण मी आजवर तोंडी, तेही अर्धवट सांगत आले. आता खरिपाचा हंगाम तोंडावर असताना ते लेखी आणि पूर्णपणे आपल्यासमोर ठेवणे मला योग्य वाटते.

छत्रपती संभाजीनगर येथील मेंदूविकार तज्ज्ञांकडे माझे उपचार सुरू आहेत. त्यांच्या निदानानुसार माझी अर्धशिशी मासिक पाळीशी निगडित आहे. पाळीच्या आधी शरीरातील इस्ट्रोजेनचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि अर्धशिशीची प्रवृत्ती असलेल्या काही स्त्रियांमध्ये त्यातून झटका सुरू होतो. त्याचा धोका पाळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून पहिल्या तीन दिवसांपर्यंत सर्वाधिक असतो. योग्य उपचार न मिळाल्यास अर्धशिशीचा झटका चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकू शकतो. मला आदल्या दिवशी मान आखडते आणि सारख्या जांभया येतात, त्यानंतर डोक्याच्या एका बाजूस ठणका सुरू होतो. मळमळ, उलटी होते आणि उजेड, आवाज, उग्र वास यांतले काहीही सहन होत नाही. ठणका थांबल्यावरही पुढचा अर्धा दिवस थकवा राहतो आणि लक्ष एकाग्र होत नाही. पाळीचा उल्लेख कार्यालयीन पत्रात करताना संकोच वाटतो, पण तो टाळला तर या त्रासाचा महिन्यातील काळ बराचसा आधी ओळखता येतो ही महत्त्वाची गोष्टच आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, आणि माझी पुढची सगळी विनंती त्याच गोष्टीवर उभी आहे.

आपल्या कामाच्या दृष्टीने या आजाराचा परिणाम कुठे होतो, तेही स्पष्ट सांगते. एका नमुन्यातील चारशे बियांपैकी सामान्य रोपे किती, विकृत किती आणि न उगवलेले बी किती, हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. संकरित कपाशीसाठी किमान ७५ टक्के आणि सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते. त्या सीमेवर असलेल्या लॉटच्या बाबतीत काही रोपांचे वर्गीकरण चुकले तरी निकाल बदलू शकतो. आपल्या मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी एका पावसाच्या भरवशावर पेरतो. बी उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो. म्हणून डोके ठणकत असताना, ट्यूबलाइटच्या उजेडात डोळे उघडे ठेवणेही अवघड होत असताना, केवळ हजेरी लागावी म्हणून मोजणीला बसणे मला पटत नाही. बीजप्रक्रिया विभागात नमुने घेण्यासाठी जावे लागते तेव्हा तिथल्या औषधांच्या वासाने माझा सुरू होत असलेला त्रास हमखास वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तेव्हा भर उन्हातल्या प्रवासाचाही असाच परिणाम होतो.

डॉक्टरांनी झटका सुरू होताच घेण्यासाठी सुमाट्रिप्टान दिले आहे आणि धोक्याच्या दिवसांत आधीपासून थोडे दिवस घेण्यासाठी नॅप्रोक्सेन दिले आहे. सुमाट्रिप्टान सुरुवातीलाच घेऊन अंधाऱ्या, शांत खोलीत तास-दीड तास पडून राहिले तर बऱ्याच वेळा झटका आटोक्यात येतो आणि उरलेल्या दिवसात मी काम करू शकते. हाच तासभर मिळाला नाही तर पुढचे दोन दिवस जातात, असा माझा अनुभव आहे. दुखेल तेव्हा गोळी घेऊन रेटत राहणे हा उपाय नाही, कारण अशी औषधे महिन्यातून फार दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडते, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

या सर्व बाबी लक्षात घेऊन माझी विनंती अशी आहे की, दरमहा मी आधी कळवलेल्या पाच दिवसांत मला सकाळी ठरलेल्या नऊ वाजताऐवजी सात ते अकरा यांदरम्यान कामावर येण्याची मुभा मिळावी. आठ तास मी त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात पूर्ण करीन. त्या दिवसांत बीजप्रक्रिया विभागातील नमुने घेण्याचे काम सहकाऱ्यांशी बदलून घेता यावे. त्याऐवजी त्यांच्या वाट्याच्या रविवारच्या मोजण्या मी करीन, याला त्यांची संमती आहे. झटका सुरू झाल्यास नमुना साठवणुकीच्या खोलीलगतची रिकामी खोली तासभर वापरण्याची परवानगी असावी. प्रत्यक्ष मोजणी प्रयोगशाळेतच करावी लागते, याची मला जाणीव आहे. मात्र अहवाल लिहिणे, लॉटच्या नोंदी तपासणे ही कामे संगणकावरची असल्याने तेवढ्यापुरती घरून करण्यास आपली हरकत नसावी.

उगवण चाचणीची अंतिम मोजणी सोयाबीनची आठव्या आणि कपाशीची बाराव्या दिवशी येत असल्याने, बी कधी लावायचे हे ठरवतानाच माझे अवघड दिवस टाळता येतात. दर महिन्याच्या सुरुवातीला तसे वेळापत्रक करून मी आपल्याला दाखवीन. पाळीची तारीख कधी पुढे-मागे होते, तेव्हा वेळापत्रक बिघडेल. अशा दिवशी सकाळी आठच्या आत कळवण्याची जबाबदारी माझी राहील. ही व्यवस्था मे ते जुलै अशी तीन महिने राबवून पाहावी आणि हंगामाचा जोर ओसरल्यावर तिचा उपयोग झाला की नाही, हे माझ्या हजेरीवरून आणि अहवालांच्या वेळेवरून आपणच ठरवावे.

हा मजकूर आपण आणि मनुष्यबळ विभाग यांच्यापुरताच ठेवावा, ही नम्र विनंती. सहकाऱ्यांना मी फक्त अर्धशिशीचा त्रास असल्याचे सांगितले आहे. आवश्यक वाटल्यास प्रत्यक्ष भेटून अधिक माहिती देण्यास, तसेच कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास मी तयार आहे. मे महिन्याचे वेळापत्रक २५ एप्रिलपर्यंत ठरवावे लागेल, त्यामुळे त्यापूर्वी आपला निर्णय कळल्यास सोयीचे होईल.

आपली विश्वासू,

अर्चना गायकवाड
वरिष्ठ विश्लेषक, बीज परीक्षण प्रयोगशाळा

सोबत : मेंदूविकार तज्ज्ञांचे वैद्यकीय प्रमाणपत्र व सध्याच्या औषधांच्या चिठ्ठीची प्रत.