ग्रंथालय खरेदी अंदाजपत्रक, आर्थिक वर्ष २०२६-२७

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, ग्रंथालय समिती
(कला, वाणिज्य व विज्ञान वरिष्ठ महाविद्यालय, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग)

दिनांक : २० फेब्रुवारी २०२६

महोदय,

पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी सादर करीत आहे. यंदा पुस्तकांची तरतूद ४०,००० रुपयांनी कमी केली आहे आणि बांधणीची जवळपास तिप्पट. समितीत यावर प्रश्न येणार हे उघड आहे, म्हणून कारणे सविस्तर दिली आहेत.

जमा

| बाब | रुपये |
|---|---|
| ग्रंथालय शुल्क (८६० विद्यार्थी × २५०) | २,१५,००० |
| संस्थेचे अनुदान | २,५०,००० |
| माजी विद्यार्थ्यांची देणगी | २०,००० |
| एकूण | ४,८५,००० |

खर्च

| शीर्ष | २०२५-२६ | २०२६-२७ |
|---|---|---|
| पुस्तके | ३,०५,००० | २,६५,००० |
| नियतकालिके व वृत्तपत्रे | ८८,००० | ६२,००० |
| डिजिटल वर्गणी | ३६,००० | ३७,१७० |
| बांधणी व जतन | २५,००० | ७२,००० |
| टपाल, वाहतूक | ६,००० | ८,८३० |
| राखीव | – | ४०,००० |
| एकूण | ४,६०,००० | ४,८५,००० |

बांधणी व जतन (७२,०००)

दुरुस्तीच्या कपाटात आज ३४० पुस्तके पडून आहेत. देवघेव नोंदी पाहिल्या तर त्यांतील ३०० पुस्तकांना अजून मागणी आहे. यातली बरीच मराठी पुस्तके आता छापली जात नाहीत. ती गेली की गेली. जी मिळतात त्यांची नवी प्रत सरासरी ४८० रुपयांना पडते. बांधणीचा दर १४० रुपये. शिवाय गेल्या वर्षी घेतलेल्या ६१० प्रतींपैकी १७० प्रती एकदाही बाहेर गेलेल्या नाहीत. मार्चअखेर पैसे संपवायचे म्हणून घाईत लावलेल्या याद्यांचा हा परिणाम आहे, आणि त्या याद्यांवर माझीही सही आहे.

आपल्याकडे पुस्तकाचे आयुष्य वाचकापेक्षा हवाच ठरवते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठे फुगतात, पाठीवर बुरशी धरते, कसर आणि वाळवी आहेतच. खाऱ्या हवेने मासिकांच्या पिना गंजतात आणि गंजाचा डाग थेट चार पानांत उतरतो. म्हणून कामाच्या अटी लेखी घ्याव्यात : सगळ्या पिना काढून जुझबंदी शिवण, खळीत मोरचूद, रेक्झीनऐवजी कापडी बांधणी (रेक्झीन पावसाळ्यात चिकट होते), आणि कडा कापताना मजकुराला धक्का नको. गेल्या खेपेला काही पुस्तकांच्या तळटिपाच कापल्या गेल्या होत्या.

रकमेची फोड : ३०० पुस्तके × १४० = ४२,०००; नियतकालिकांचे ४० खंड × २५० = १०,०००; जुन्या दुर्मीळ ग्रंथांसाठी आम्लरहित खोकी १२,०००; सिलिका जेल, कीडनियंत्रण व किरकोळ साहित्य ८,०००.

रकमेइतकाच वेळ महत्त्वाचा आहे. पाऊस लागल्यावर खळ वाळत नाही आणि ओल्या पुस्तकाला आतून बुरशी येते. परीक्षांच्या काळात क्रमिक पुस्तके देता येणार नाहीत, म्हणून कथा-कादंबऱ्या व जुने खंड एप्रिलमध्ये, अभ्यासाची पुस्तके परीक्षा संपताच मेमध्ये, आणि सर्व काम ३१ मेपूर्वी पूर्ण, असा क्रम ठेवला आहे. पुस्तके फोंडा घाट चढवून कोल्हापूरला पाठवण्यापेक्षा बांधणी कारागिरालाच तळमजल्याच्या सभागृहात बसवावे. वाहतूक वाचते, आणि कोणी पुस्तक मागितले तर ते निदान इमारतीत असते.

पुस्तके (२,६५,०००)

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला आला. तो आता तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचतो, त्यामुळे सर्वांत मोठी रक्कम, १,४०,००० रुपये, तिसऱ्या वर्षासाठी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या जादा प्रतींना ४५,०००, मराठी साहित्य व कोकणविषयक ग्रंथांना ४०,०००, स्पर्धा परीक्षांना २५,०००, संदर्भग्रंथांना १५,०००.

अभ्यासक्रमाचा तपशील उशिरा हाती आला तर विभाग अंदाजाने यादी देतात आणि पुस्तके पडून राहतात. त्यासाठीच ४०,००० राखीव ठेवले आहेत. तपशील जाहीर झाल्यावरच ते वापरावेत, डिसेंबरपर्यंत न वापरल्यास पुस्तकांकडे वळवावेत.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही; बिलात तो लावलेला आढळल्यास बिल परत जाईल. सवलत छापील किमतीवरच धरली जाईल. परकीय चलनातील किमतीसाठी बिलाच्या तारखेचा विनिमय दर पुराव्यासह लागेल.

नियतकालिके व वृत्तपत्रे (६२,०००)

संशोधनपर नियतकालिके ४१,०००, मासिके ९,०००, वृत्तपत्रे १२,०००. विद्यापीठ अनुदान आयोगाने केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. केवळ त्या यादीत नाव आहे म्हणून चालू ठेवलेल्या वाणिज्य शाखेच्या तीन वर्गण्या आता बंद कराव्यात. ‘करंट सायन्स’ आणि ‘रेझोनन्स’ संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यांच्या छापील प्रतींची गरज नाही. प्राणिशास्त्र विभागाने मागितलेले मत्स्यविज्ञानाचे महागडे नियतकालिकही घेतलेले नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे अहवाल व शोधनिबंध तिच्या खुल्या संग्रहात आहेत आणि आपल्या किनाऱ्याची माहिती त्यांतच जास्त मिळेल.

वर्गणीचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलमध्ये. नोव्हेंबरअखेर नूतनीकरण झाले नाही तर सुरुवातीचे अंक हुकतात आणि बांधायला खंडच अपुरा राहतो.

डिजिटल वर्गणी (३७,१७०)

एन-लिस्ट ५,९००, डेलनेट १३,५७०, कोहा प्रणालीचे सर्व्हर भाडे व देखभाल १७,७०० (तिन्ही रकमा १८ टक्के जीएसटीसह). ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आल्यावर एन-लिस्ट कशाला, असे मागील बैठकीत विचारले गेले. ती योजना जानेवारी २०२५ पासून सरकारी संस्थांसाठी सुरू झाली. खाजगी संस्थेचे अनुदानित महाविद्यालय तिच्यात धरलेले नाही. ५,९०० रुपयांत ६,००० हून अधिक नियतकालिके मिळतात, एवढा स्वस्त व्यवहार या अंदाजपत्रकात दुसरा नाही. अडचण वापराची आहे : जेमतेम चौथा हिस्सा विद्यार्थ्यांनी आपले लॉगिन उघडले आहे. यावर पैसा नको, प्रत्येक वर्गाला जुलैमध्ये एक तासिका हवी.

मंजुरीसाठी विनंती

१. वरील अंदाजपत्रक मंजूर करून बांधणीच्या ७२,००० रुपयांचा खर्च १ एप्रिलपासून करण्यास आगाऊ संमती द्यावी.
२. बांधणीसाठी किमान तीन दरपत्रके १५ मार्चपर्यंत मागवण्यास परवानगी द्यावी. दर ठरवण्यापूर्वी प्रत्येकाकडून नमुन्याचे एक पुस्तक बांधून घेतले जाईल.
३. विभागांच्या पुस्तक याद्या ३१ जुलैनंतर स्वीकारल्या जाणार नाहीत, असा ठराव करावा.
४. एका शीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवायची असल्यास समितीची मान्यता लागेल. बांधणीची रक्कम मात्र ३१ मेपूर्वी वळवू नये.

आपला विश्वासू,
ग्रंथपाल

सोबत : दुरुस्तीच्या ३४० पुस्तकांची यादी, न वापरलेल्या १७० प्रतींची विभागवार यादी, बंद करावयाच्या वर्गण्यांचा तक्ता.